पोस्टर ट्यूबमध्ये मावेल का? ट्यूब मागवण्याआधी हे तीन आकडे तपासा

माझी एक मैत्रीण चित्रं काढते आणि त्यांचे पोस्टर छापून सोशल मीडियावरून विकते. गेल्या वर्षी तिला एकाच ग्राहकाकडून दहा पोस्टरची ऑर्डर आली. सगळे ए-वन आकाराचे, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर. तिच्याकडे ५० मिलिमीटर आतल्या व्यासाची पुठ्ठ्याची ट्यूब होती. आधी त्याच ट्यूबमधून एकेक पोस्टर नीट पोहोचला होता. म्हणून तिने दहाही पोस्टर एकावर एक ठेवले, घट्ट गुंडाळले आणि आत सरकवले.

ते आत गेले. चार दिवसांनी ग्राहकाचा फोटो आला. बाहेरच्या बाजूचे पाच-सहा पोस्टर ठीक होते. आतल्या पोस्टरवर मात्र आडव्या वळ्या पडल्या होत्या. सगळ्यात आतला पोस्टर तर टेबलावर ठेवला की पुन्हा आपोआप गुंडाळला जात होता. तिला चार पोस्टर स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापून पाठवावे लागले.

ट्यूब तीच, कागदही तोच. मग चुकलं काय? याचं उत्तर तीन आकड्यांत आहे: कागदाची जाडी, गुंडाळायच्या बाजूची लांबी आणि ट्यूबचा आतला व्यास. हे तीन आकडे हातात असतील तर पोस्टर मावेल का आणि मावला तरी सुखरूप राहील का, हे मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काढता येतं.

गणित सुरळीच्या वडीचं

सुरळीची वडी आठवा. थाळीवर पसरलेल्या पिठाची पट्टी तुम्ही घट्ट गुंडाळा किंवा सैल, पीठ तेवढंच राहतं. घट्ट गुंडाळलं तर मधलं भोक लहान आणि वडी बारीक. सैल गुंडाळलं तर भोक मोठं आणि वडी जाड.

पोस्टरचंही असंच आहे. तो कडेने बघितला तर एक लांबलचक, अगदी पातळ पट्टी दिसते. ८४१ मिलिमीटर लांब आणि समजा ०.२ मिलिमीटर जाड. या पट्टीचं क्षेत्रफळ होतं ८४१ गुणिले ०.२, म्हणजे सुमारे १६८ चौरस मिलिमीटर. पोस्टर कसाही गुंडाळला तरी कागदाची ही जागा बदलत नाही.

आता ट्यूबच्या तोंडातून आत बघा. बाहेरचं मोठं वर्तुळ म्हणजे ट्यूबची आतली भिंत. गुंडाळलेला पोस्टर सोडला की तो उलगडत जाऊन या भिंतीला टेकतो. मध्ये उरतं ते लहान वर्तुळ म्हणजे भोक. मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळातून कागदाने व्यापलेली जागा वजा केली की भोकाचं क्षेत्रफळ मिळतं. बाकी सगळं यातूनच निघतं.

इथे एक दुरुस्ती मात्र करावी लागते. हाताने गुंडाळलेल्या कागदाचे थर एकमेकांना पूर्ण चिकटत नाहीत. मध्ये हवा राहते. त्यासाठी कागदाची जागा ३० टक्क्यांनी जास्त धरलेली बरी. वर्तुळाच्या सूत्रातला आकडा आणि ही वाढ एकत्र केली की हिशेब असा होतो:

भोकाचा वर्ग = ट्यूबच्या आतल्या व्यासाचा वर्ग, वजा (१.६५ × पोस्टरची संख्या × लांबी × जाडी).

सगळी मापं मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि शेवटी वर्गमूळ काढायचं. गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये करायचं असेल तर ५० मिलिमीटरच्या ट्यूबमध्ये तीन पोस्टरसाठी हे टाइप करा:

```
=SQRT(50^2-1.65*3*841*0.2)
```

उत्तर येतं सुमारे ४०.८. म्हणजे मध्ये जवळपास ४१ मिलिमीटरचं भोक उरतं. यातल्या 3 च्या जागी 10 लिहिलं तर शीट `#NUM!` अशी चूक दाखवते, कारण कंसातलं उत्तर शून्याच्या खाली जातं. याचा सरळ अर्थ म्हणजे दहा पोस्टर साध्या हाताने गुंडाळून या ट्यूबमध्ये बसत नाहीत.

मग ते आत गेले कसे?

माझ्या मैत्रिणीने ते खूप घट्ट गुंडाळले होते. थरांमधली जवळपास सगळी हवा निघून गेली तर १.६५ च्या जागी १.२७ धरावे लागतात. तसं केलं तर दहा पोस्टरसाठी भोक उरतं फक्त १९ मिलिमीटर, म्हणजे साधारण अंगठ्याएवढं. सगळ्यात आतला पोस्टर कुरिअरच्या प्रवासात चार दिवस अंगठ्याभोवती गुंडाळल्यासारखा होता.

ट्यूबमध्ये एकच पोस्टर असेल तर हाच आकडा ४७ मिलिमीटर येतो. त्यामुळे तिचे आधीचे पोस्टर नीट पोहोचले होते. ‘मावतो का’ या प्रश्नाचं उत्तर एका पोस्टरसाठी जवळपास नेहमी ‘हो’ असतं. नुकसान होईल की नाही हे ठरतं भोक किती उरतं यावर.

भोक किती मोठं हवं?

कागद वाकवला की त्याची बाहेरची बाजू थोडी ताणली जाते आणि आतली दाबली जाते. हा ताण किती, हे काढणं सोपं आहे. कागदाची जाडी भागिले भोकाचा व्यास. ०.२ मिलिमीटरचा कागद ४० मिलिमीटरच्या भोकाभोवती वळला तर ताण अर्धा टक्का. भोक २० मिलिमीटरवर आलं तर ताण दुप्पट, म्हणजे एक टक्का.

हा आकडा लहान वाटतो, पण कागदाच्या तंतूंना तो जाणवतो. ताण वाढला आणि कागद त्याच अवस्थेत काही दिवस राहिला की तंतू नव्या आकारात बसतात आणि पोस्टर सरळ व्हायला नकार देतो. ताण आणखी वाढला तर छपाईच्या थराला किंवा लॅमिनेशनला बारीक भेगा पडतात. शिवाय सगळ्यात आतली कड पुढच्या थरावर दाबून राहते आणि तिची सरळ रेघ दोन-तीन थरांपर्यंत उमटते.

हाताशी ठेवायला एक अंदाज पुरेसा आहे. भोक कागदाच्या जाडीच्या किमान २०० पट असावं. म्हणजे ताण अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. ०.१ मिलिमीटरच्या कागदाला २० मिलिमीटरचं भोक चालतं, ०.२ ला ४० आणि अर्ध्या मिलिमीटरच्या कागदाला १०० मिलिमीटर लागतं. हा सावध अंदाज आहे. त्याच्या थोडं खाली गेलं म्हणजे पोस्टर लगेच खराब होईल असं नाही, पण पोस्टर ग्राहकाच्या पैशांचा असेल तर सावध राहिलेलं बरं.

या अंदाजाने ५० मिलिमीटरच्या ट्यूबमध्ये आपले ०.२ मिलिमीटरचे ए-वन पोस्टर किती बसतात? तीन. चौथा घातला की भोक ३७ मिलिमीटरवर येतं.

आता ७५ मिलिमीटरची ट्यूब घ्या. तिथे दहा पोस्टर ठेवूनही ५३ मिलिमीटरचं भोक उरतं आणि चौदा पोस्टरपर्यंत ते ४० च्या वर राहतं. व्यास फक्त दीडपट झाला, पण पोस्टरची संख्या तीनवरून चौदावर गेली. कारण हिशेबात व्यासाचा वर्ग येतो. मैत्रिणीची ऑर्डर ७५ च्या एका ट्यूबमध्ये निवांत गेली असती.

जाडी कशी मोजायची? जीएसएमवर जाऊ नका

छपाईच्या दुकानात कागद जीएसएममध्ये सांगतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ती जाडी नव्हे. गुळगुळीत, चकचकीत आर्ट पेपर दाबून तयार केलेला असतो, त्यामुळे वजनाच्या मानाने तो पातळ निघतो. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा साधा कागद आणि १३० जीएसएमचा ग्लॉसी आर्ट पेपर यांची जाडी जवळपास सारखी असते, दोन्ही ०.१ मिलिमीटरच्या आसपास. उलट ३०० जीएसएमच्या आसपासचा कापसाचा खरखरीत कागद अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जातो, आणि तेवढ्याच जीएसएमचं ग्लॉसी आर्ट कार्ड त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतं.

म्हणून जाडी मोजूनच घ्यावी. छापणाऱ्याकडे त्याच कागदाचे कापून उरलेले तुकडे असतात. त्यातले वीस तुकडे मागा, एकावर एक ठेवून बोटांनी घट्ट दाबा आणि पट्टीने उंची मोजा. चार मिलिमीटर भरली तर एका कागदाची जाडी ४ भागिले २०, म्हणजे ०.२ मिलिमीटर. अकरावीच्या प्रयोगशाळेतलं स्क्रू गेज मिळालं तर एकाच तुकड्यावर काम होतं. दुकानदाराने जाडी मायक्रॉनमध्ये सांगितली तर १००० ने भागा. २०० मायक्रॉन म्हणजे ०.२ मिलिमीटर.

लॅमिनेशन करणार असाल तर जाडी लॅमिनेशननंतर मोजा. फिल्ममुळे जाडी वाढते आणि वाकवण्याला विरोधही वाढतो.

कापसाच्या जाड कागदावरच्या प्रिंटचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. ए-वन आकार, जाडी अर्धा मिलिमीटर, एकच प्रिंट. ५० मिलिमीटरच्या ट्यूबमध्ये तो घातला तर भोक ४२ मिलिमीटरचं उरतं. म्हणजे मावायला काहीच अडचण नाही. पण या कागदाला भोक हवं १०० मिलिमीटरचं. त्यासाठी ट्यूबचा आतला व्यास साधारण १०३ मिलिमीटर लागतो, म्हणजे चार इंचांपेक्षा किंचित जास्त. महागडी प्रिंट एकटीच असूनही जाड ट्यूबमधून का पाठवतात, ते यावरून कळतं.

ट्यूबचा व्यास: आतला की बाहेरचा?

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ट्यूबवर नुसतं ‘दोन इंच’ लिहिलेलं असतं. हा व्यास आतला की बाहेरचा, हे विक्रेत्याला विचारा. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. हा बाहेरचा व्यास असेल आणि पुठ्ठ्याची भिंत दोन मिलिमीटर जाड असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून चार मिलिमीटर वजा होतात आणि आत उरतात ४६.८. आपल्या हिशेबात त्यामुळे तीनऐवजी दोनच पोस्टर नीट बसतात.

लांबीतही अशीच गफलत होते. ट्यूबच्या दोन्ही टोकांची प्लास्टिकची झाकणं आत शिरतात. झाकण १५ मिलिमीटर आत जात असेल तर दोन्हींचे मिळून ३० मिलिमीटर गेले. पोस्टरची कड झाकणावर आपटू नये म्हणून आणखी दहाएक मिलिमीटर मोकळे ठेवा. ५९४ मिलिमीटर रुंदीच्या पोस्टरला ६०० ची ट्यूब पुरत नाही, ६४० ची लागते. ६०० च्या ट्यूबमध्ये झाकण जोर लावून बसवलं तर पोस्टरच्या कडा चेपतात. पोस्टरच्या दोन समोरासमोरच्या कडांवर ठरावीक अंतरावर दबल्याच्या खुणा दिसल्या तर समजा, ट्यूब आखूड होती.

कुठली बाजू गुंडाळायची?

आतापर्यंत आपण ८४१ ची लांब बाजू गुंडाळली. ५९४ ची बाजू गुंडाळली तर वळसे कमी होतात आणि कागद थोडी कमी जागा घेतो. पण मग ट्यूब ८८० मिलिमीटरची लागते. लांब ट्यूब वाटेत वाकण्याची शक्यता जास्त आणि ती टपालाच्या मर्यादेतही अडकू शकते.

परदेशी पाठवताना हे महत्त्वाचं ठरतं. आंतरराष्ट्रीय पत्रटपालात गुंडाळीच्या आकाराच्या वस्तूसाठी जागतिक टपाल संघाची मर्यादा आहे. लांबी अधिक व्यासाची दुप्पट मिळून १०४० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि लांबी ९०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पोस्टरचा एक नेहमीचा आकार आहे २४ बाय ३६ इंच, म्हणजे ६१० बाय ९१४ मिलिमीटर. त्याची आखूड बाजू गुंडाळली तर ट्यूब ९१४ पेक्षा लांबच हवी, म्हणजे मर्यादेबाहेर. लांब बाजू गुंडाळली तर साधारण ६५० ची ट्यूब पुरते. पोस्टर तोच, फक्त बाजू बदलली.

मग सरळ मोठीच ट्यूब का घेऊ नये?

कारण खर्च वाढतो. अनेक कुरिअर कंपन्या खऱ्या वजनासोबत आकाराचं वजनही काढतात. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची गुणून बऱ्याचदा ५००० ने भागतात आणि दोन्हींपैकी जास्त असेल त्या वजनाचे पैसे घेतात. बाहेरून साडेपाच सेंटिमीटर जाड आणि ६४ सेंटिमीटर लांब ट्यूबचं असं वजन येतं सुमारे ०.३९ किलो. आठ सेंटिमीटर जाड ट्यूबचं येतं ०.८२ किलो. ट्यूबमध्ये एकच पोस्टर असेल तर मोठ्या ट्यूबमध्ये तुम्ही हवेचं भाडं भरता. म्हणूनच अंदाजाने मोठी ट्यूब घेण्यापेक्षा हिशेब केलेला बरा.

गुंडाळताना आणि काढताना

अनेक पोस्टर एकत्र गुंडाळताना त्यांच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावू नका. आतल्या पोस्टरचा प्रत्येक वळसा बाहेरच्यापेक्षा लहान असतो, त्यामुळे त्याची कड पुढे सरकत जाते. आपल्या तीन पोस्टरच्या बंडलात पहिल्या आणि तिसऱ्या पोस्टरच्या कडांमध्ये शेवटी जवळपास दीड सेंटिमीटरचा फरक पडतो. मैत्रिणीच्या दहा पोस्टरच्या बंडलात हा फरक नऊ सेंटिमीटरच्या घरात जातो. टोकं बांधलेली असतील तर या फरकाला वाट मिळत नाही आणि आतला कागद घडी घालून ती शोधतो. आडव्या वळ्या पडण्याचं हेही एक कारण असतं.

ट्यूबमध्ये सरकवताना बंडल भिंतीपेक्षा थोडं बारीक गुंडाळावं लागतं. ते काही सेकंदांपुरतं असल्याने हरकत नाही. आत गेलं की हात सोडा आणि त्याला उलगडून भिंतीला टेकू द्या.

पोस्टर फाटतात ते बऱ्याचदा बाहेर काढताना. भिंतीला टेकलेला कागद कोपऱ्याला धरून ओढला की कोपरा हातात येतो. त्याऐवजी दोन बोटं भोकात घाला, कागद गुंडाळलेल्या दिशेनेच थोडा आणखी घट्ट फिरवा आणि तो भिंतीपासून सुटला की बाहेर घ्या. ही सूचना चिठ्ठीवर लिहून पोस्टरसोबत पाठवली तर ग्राहकाचाही त्रास वाचतो. भोक अंगठ्याएवढं असेल तर दोन बोटं आत जातच नाहीत.

हा हिशेब कुठे चुकू शकतो?

ट्यूब चेपलेली असेल तर तिचा सगळ्यात अरुंद व्यास धरा. पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईच्या दमट हवेत, कागद ओलावा शोषून फुगतो आणि त्याच अवस्थेत गुंडाळून राहिला तर वळण लवकर पकडतो. अशा वेळी भोक थोडं मोठं ठेवा. कॅनव्हाससाठी आणि उठावदार छपाईसाठी २०० पटीचा अंदाज वापरू नका. कॅनव्हास वाकायला मऊ असला तरी त्यावरचा रंगाचा थर आधी तडकू शकतो.

शंका असेल तर एक साधी चाचणी करा. त्याच कागदाचा छापलेला तुकडा घ्या. हिशेबात आलेल्या भोकाएवढी जाड बाटली किंवा डबा शोधा. तुकडा त्याभोवती गुंडाळा, रबर लावा आणि दोन दिवस ठेवा. सोडल्यानंतर तो पुस्तकाखाली रात्रभरात सरळ झाला आणि छपाईवर रेघ दिसली नाही, तर ट्यूब मागवायला हरकत नाही.

मैत्रीण आता ऑर्डर आली की आधी तुकडे मोजते आणि मग ट्यूब निवडते. तीन पोस्टरपर्यंत ५० ची, त्यापुढे ७५ ची.